पेमेंट मंजुरीच्या साप्ताहिक सूचनेबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. वित्त विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय, छत्रपती संभाजीनगर

विषय: दर आठवड्याला शाखांना येणारी पेमेंट मंजुरीची सूचना नेमकी व थोडक्यात असावी.

महोदय,

गुरुवारची मुदत आम्हाला मान्य आहे. शुक्रवारी पैसे सोडण्याआधी आपल्या विभागाला प्रत्येक बिलाचा खाते क्रमांक, टीडीएस आणि जोडलेली कागदपत्रे तपासावी लागतात, हे आम्ही जाणतो. आमची तक्रार सूचनेच्या मजकुराबद्दल आहे. सध्या शाखांना असा संदेश येतो:

"आर्थिक शिस्तीच्या दृष्टीने सर्व शाखांनी प्रलंबित पेमेंटच्या मंजुऱ्या गुरुवारपर्यंत लवकरात लवकर सादर कराव्यात. विलंब झाल्यास वित्त विभाग जबाबदार राहणार नाही. सहकार्य अपेक्षित."

या मजकुरामुळे काय होते, ते अजिंठा शाखेच्या एका बिलावरून दिसेल. जनरेटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे बिल लिपिकाने गुरुवारी दुपारी प्रणालीत चढवले. त्याच्या दृष्टीने बिल 'सादर' झाले होते. शाखाधिकारी त्या वेळी कर्ज तपासणीसाठी फर्दापूरकडे गेले होते. घाट चढून परत आल्यावर सायंकाळी सहानंतर त्यांनी मंजुरी दिली. त्यांच्या दृष्टीने गुरुवार अजून संपला नव्हता. मुख्य कार्यालयाने मात्र चार वाजताच यादी बंद केली होती. बिल एक आठवडा मागे पडले. कोणीही हयगय केली नव्हती. 'सादर' आणि 'गुरुवारपर्यंत' या दोन शब्दांचा अर्थ तिघांनी तीन प्रकारे लावला.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. कोणती कृती हवी ते लिहावे. बिल चढवणे, शाखाधिकाऱ्याची मंजुरी आणि मुख्य कार्यालयाची तपासणी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पडद्यावर कोणती स्थिती दिसली म्हणजे शाखेचे काम पूर्ण झाले, हे संदेशातच असावे.

२. वार, तारीख आणि घड्याळाची वेळ द्यावी. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते, त्यामुळे चार वाजताची मुदत बँकेने घातली असेल असे शाखेला वाटत नाही. तपासणीसाठी ती वेळ लागते, हे एका वाक्यात सांगितले तर ती पाळली जाईल.

३. उशिरा आलेल्या बिलाचे काय होते ते सांगावे. 'जबाबदार राहणार नाही' या वाक्यातून कारागिराला द्यायचे उत्तर मिळत नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल आणि लेखी करार नसेल, तर २००६ च्या कायद्यानुसार काम किंवा माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. मुदत उलटली की बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. पंधरा दिवसांत एक आठवडा हुकला, तर जवळजवळ अर्धी मुदत संपते. अशा बिलांसाठी तातडीचा मार्ग संदेशात असावा.

४. संदेश मंगळवारी सकाळी यावा. गुरुवारी सकाळी फक्त ज्या शाखांची बिले अडली आहेत त्यांनाच, बिल क्रमांकासह, आठवण द्यावी. सर्वांना वारंवार येणारी सूचना कोणी वाचत नाही.

५. प्रत्येक शाखेसाठी पर्यायी मंजुरीदार नेमावा. अधिकारी बाहेर असताना घाईत पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देण्याचा मोह होतो, आणि मग मंजुरी नेमकी कोणाची हे सांगता येत नाही. संदेश कितीही चांगला असला तरी ही अडचण त्याने सुटणार नाही. त्यासाठी अधिकारपत्रच लागेल.

आम्ही सुचवत असलेला मसुदा:

"शुक्रवार, दि. ____ च्या पेमेंटसाठी बिलावर शाखाधिकाऱ्याची मंजुरी गुरुवार, दि. ____ रोजी दुपारी ४ पूर्वी हवी. चारनंतर आम्ही खाते व टीडीएस तपासतो. स्थिती 'मंजूर' दिसत असेल तेच बिल या आठवड्यात जाईल; 'प्रलंबित' असलेले पुढच्या शुक्रवारी. कायदेशीर मुदत संपत आलेले बिल असल्यास ३ पूर्वी फोन करा: ____."

आमच्या बाजूने शाखा लिपिक बुधवारीच बिले चढवतील आणि बिलावर स्वीकृतीची तारीख लिहितील. हा मसुदा चार आठवडे वापरावा. दर शुक्रवारी 'चढवले, पण मंजूर नाही' अशी किती बिले राहिली, ते मोजावे. संख्या घटली नाही तर दोष मजकुरात नसून मंजुरीच्या रचनेत आहे असे आम्ही मानू, आणि पाचव्या मागणीवर आधी चर्चा करू.

पुढील महिन्याच्या पहिल्या मंगळवारपासून हा बदल लागू करावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
शाखा कर्मचारी संघटनेचे पदाधिकारी, अजिंठा