मैदानावरची हजेरी

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला महाविद्यालयानेच पाठवलेला खेळाडू सत्राअखेरीस गैरहजरांच्या यादीत झळकतो, हे दरवर्षीचेच. समजा, एका विषयाचे ६० तास झाले आणि तो ४१ तासांना बसला. ७५ टक्क्यांसाठी ४५ हवेत. स्पर्धेत बुडालेले ६ धरले की ४७ होतात. पण हे तास धरून घेण्याच्या अर्जात ‘खेळामुळे गैरहजर’ एवढ्यावर भागत नाही. तारखा, विषयवार बुडालेले तास, संघाची यादी आणि क्रीडा संचालकांची सही हवी. सहभागाचे प्रमाणपत्र अनेकदा उशिरा येते; त्याची वाट न पाहता परतल्याच्या आठवड्यातच अर्ज द्यावा. सूट मिळाली तरी प्रात्यक्षिके राहतातच. ती कधी घेणार, हे विभागाने त्याच अर्जावर लिहून द्यावे.