सही करण्याआधी गुणक विचारा

तुमचं भाताचं शेत पेण, अलिबाग, रोहा, माणगावच्या अंगाला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. घरात अकरावी-बारावीचं किंवा कृषी पदविकेचं पोर असेल, तर हे त्यालाही वाचायला द्या. गणित दोघांचंही एकच आहे.

भाताच्या खाचरातून दोन वायू निघतात. पाणी तुंबलं की चिखलातली हवा संपते आणि तिथले जीवाणू मिथेन तयार करतात. युरिया टाकला की त्यातल्या नत्राचा अगदी थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. दोन्ही वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतात. ते कमी केले तर ‘कार्बन क्रेडिट’ मिळतं, आणि ते विकता येतं. भातासाठी अशा योजना देशात सुरू झालेल्या आहेत. उद्या तुमच्या ओटीवरही कोणी कागद घेऊन बसेल. तो खोटंच बोलेल असं नाही. पण त्याच्या कागदावरचा आकडा कुठून आला, हे तुम्हाला कळायला हवं.

आपल्याकडे पूर्वी कोणी भात पायलीने मोजायचं, कोणी मणाने. बेरीज करायची तर आधी सगळं एका मापात आणावं लागायचं. इथेही तसंच. एक किलो मिथेन आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड यांची थेट बेरीज होत नाही. आधी दोघांना कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणायचं. त्यासाठी प्रत्येक वायूला एक गुणक असतो. पुस्तकात त्याला ‘जागतिक तापमानवाढ क्षमता’ म्हणतात. एक किलो वायू ठरावीक वर्षांत जेवढी उष्णता अडवतो, ती एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या किती पट, एवढाच त्याचा अर्थ. गुणून येतं ते ‘कार्बन डायऑक्साइड समतुल्य’.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने, म्हणजे आयपीसीसीने, आपल्या पाचव्या अहवालात शंभर वर्षांसाठी मिथेनचा गुणक २८ आणि नायट्रस ऑक्साइडचा २६५ धरला. पॅरिस करारातल्या देशांचे हिशेब याच आकड्यांवर चालतात. आपणही हेच घेऊ. कार्बन डायऑक्साइडचा स्वतःचा गुणक १. त्याला दुसऱ्या कशाने गुणायचं नाही. परीक्षेत मुलं तिथेही चुकतात.

आता कागद-पेन्सिल घ्या.

एक हेक्टर उन्हाळी भात धरा, म्हणजे अडीच एकर. कालव्याचं पाणी आहे. पीक १२० दिवसांचं आहे आणि खाचरात सतत पाणी उभं आहे. आयपीसीसीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत दक्षिण आशियासाठी अशा शेताचा अंदाज रोज हेक्टरी ०.८५ किलो मिथेन असा आहे. १२० दिवसांचं झालं १०२ किलो. गुणिले २८. आले २,८५६ किलो.

मग खत. हेक्टरी १०० किलो नत्र दिलं असं धरा. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. शंभर किलोला जवळजवळ पाच गोण्या लागतात. सतत पाणी असलेल्या खाचरात या नत्राचा हजारात तीन भाग नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने जातो, असं मार्गदर्शिका धरते. झालं ०.३ किलो.

इथे थांबा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

हे ०.३ किलो वायूचं वजन नाही. ते त्या वायूतल्या फक्त नत्राचं वजन आहे. नायट्रस ऑक्साइडमध्ये नत्राचे दोन अणू, वजन २८. वर ऑक्सिजनचा एक, वजन १६. एकूण ४४. म्हणून ०.३ ला आधी ४४/२८ ने गुणायचं. आला ०.४७१ किलो वायू. मग गुणिले २६५. आले १२५ किलो. ही पायरी विसरलात तर उत्तर ८० च्या आसपास येतं. मुलाच्या वहीत असं उत्तर दिसलं तर समजा, ४४/२८ राहिलं. गणितात ‘नायट्रस ऑक्साइड इतके किलो’ असं सरळ दिलं असेल, तर मात्र ही पायरी करायची नाही. प्रश्न दोनदा वाचायला सांगा.

दोन्हींची बेरीज २,९८१ किलो. म्हणजे जवळजवळ तीन टन. युरियातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड मी यात धरलेला नाही. खत तेवढंच राहणार, म्हणून वजाबाकीत तो जातोच.

आता कागदवाल्याचं म्हणणं काय असेल? पाणी सतत उभं ठेवू नका. मधून मधून काढा, जमीन जरा सुकू द्या, परत भरा. म्हणणं बरोबर आहे. चिखलात हवा शिरली की मिथेन घटतो. असं अनेकदा केलं तर मार्गदर्शिकेप्रमाणे ५५ टक्केच उरतो. १०२ चे झाले ५६.१ किलो. गुणिले २८, १,५७१.

पण जमीन ओली-सुकी झाली की नायट्रस ऑक्साइड वाढतो. हजारात तीनाचे पाच होतात. १०० किलो नत्राचे ०.५, गुणिले ४४/२८, गुणिले २६५. आले २०८. एकूण १,७७९ किलो.

वजा करा. वाचले १,२०२ किलो, म्हणजे हेक्टरी सव्वा टनाच्या जरा आत. नुसता मिथेन मोजला असता तर १,२८५ आले असते. त्यातले ८३ किलो नायट्रस ऑक्साइडने परत घेतले. ज्या कागदावर या दुसऱ्या वायूची ओळच नाही, तो हिशेब अर्धा आहे.

आता तोच कागदवाला म्हणाला, ‘हेक्टरी पावणेचार टन वाचतात’, तर? त्याचीही बेरीज चुकलेली नसेल. त्याने गुणक बदललेला असेल. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. शंभर वर्षांवर पसरला तर त्याचा जोर पातळ दिसतो. वीसच वर्षं पाहिली तर गुणक २८ वरून ८४ वर जातो. नायट्रस ऑक्साइड शंभराहून अधिक वर्षं टिकतो, म्हणून त्याचा जवळपास तोच राहतो, २६४. हे गुणक घालून वरचं गणित परत करा. तेच शेत, तेच पाणी, तोच युरिया, आणि बचत ३,७७३ किलो! वीस वर्षांचा हिशेब खोटा नाही. पण क्रेडिटचा बाजार शंभर वर्षांच्या टनावर चालतो. वीसच्या आकड्यावर स्वप्न दाखवायचं आणि शंभरच्या आकड्यावर पैसे द्यायचे, हे चालू देऊ नका.

पोरांसाठी एक गोष्ट. गुणक अहवालागणिक बदलले आहेत. १९९५ च्या अहवालात २१ आणि ३१० होते. २००७ मध्ये २५ आणि २९८. २०२१ च्या सहाव्या अहवालात शेतातल्या मिथेनला २७ आणि नायट्रस ऑक्साइडला २७३. प्रश्नात जे दिले असतील तेच घ्या. दिले नसतील तर कोणते घेतले ते उत्तराच्या वर लिहा. दोन अहवालांतला एकेक गुणक उचलून मिसळू नका.

इथवरचं झालं गणिताचं. पण मला खरी काळजी वेगळीच आहे.

वरचा सगळा हिशेब कालव्याच्या उन्हाळी भाताचा आहे. आपलं बहुतेक भात पावसाळी. त्यात पाणी कमी-जास्त होतच असतं. म्हणून मार्गदर्शिका साध्या पावसाळी भाताला मुळातच १०२ किलोच्या ५४ टक्के धरते, म्हणजे ५५ किलो. जरा मागे जाऊन पाहा. पाणी काढून-भरून आपण ५६ वर आलो होतो! म्हणजे तुमचं पावसाळी खाचर कागदावर आधीच तिथे आहे. ‘आधी’च्या रकान्यात कोणी त्याला सतत पाण्याचं शेत दाखवून १०२ लिहिले, तर ती बचत कागदावरच राहील. तपासणी झाली की उडेल, आणि खाली सही तुमची असेल. शिवाय आषाढात धो धो कोसळत असताना खाचर सुकवणार कसं, हे त्याला बांधावर उभं करूनच विचारा.

खारेपाटातल्या लोकांनी तर जास्तच जपून राहावं. तुमच्या जमिनीत मीठ खाली दबलेलं असतं ते वर उभ्या असलेल्या पावसाच्या पाण्यामुळे. पाणी काढून जमीन तडकू दिली की मीठ वर येतं आणि रोप करपतं. टनभर वायू वाचवायच्या नादात पीक जाईल. दुसरं असं की समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. ते जिथे मुरलेलं असतं तिथे दुसरे जीवाणू पुढे होतात आणि मिथेनवाल्यांना खायला उरत नाही. म्हणून खाऱ्या खाचरात मिथेन अंदाजापेक्षा कमीच असण्याचा संभव. जिथे कमी निघतो तिथे वाचवणार काय? खाजणाचा बांध, उघाडी आणि गोडं पाणी सांभाळणं हे तुमचं पहिलं काम. खारजमिनीसाठी असा करार पुढे आला तर सही करू नका, असं मी स्पष्टच सांगतो.

कालव्याखाली उन्हाळी भात करणाऱ्यांनी मात्र ऐकून घ्यायला हरकत नाही. पण चार गोष्टी कागदावर लिहून मागा. गुणक कोणत्या अहवालातले आणि किती वर्षांचे. ‘आधी’चा आकडा कोणत्या पाण्याच्या स्थितीचा. नायट्रस ऑक्साइड वजा केला की नाही. आणि भाव कार्बन डायऑक्साइडच्या टनाचा की नुसत्या कार्बनच्या टनाचा, कारण एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. क्षेत्र सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरमध्येच लिहायला लावा. एकराला हेक्टर समजलं की सगळं अडीचपट फुगतं.

क्रेडिट मिळो न मिळो, युरियाची एक गोणी कमी करता येते का ते पाहा. फेकून देण्यापेक्षा युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये चिखलात खोचल्या की खत कमी लागतं. चारसूत्री लागवडीत हेच करतात. पावसाळी खाचरात हजारात चार भाग धरले, तर एका गोणीमागे नायट्रस ऑक्साइडचे साधारण ३४ किलो आणि युरियातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे ३३ किलो वाचतात. मिळून ६७ किलो. एवढ्यासाठी कोणी करार करायला येणार नाही. पण गोणीचे पैसे तुमच्याच घरात राहतील.