बॉयलर बंद होण्याआधी मोटारीचा करंट नोंदवून घ्या

साखर कारखान्यांच्या इलेक्ट्रिकल विभागातल्या इंजिनिअर, सुपरवायझर आणि वायरमन मंडळींना एक विनंती आहे. गळीत हंगाम संपत आला की आपण ओव्हरहॉलिंगची यादी करतो. त्या यादीत आयडी फॅनची मोटार बहुधा असते. पण तिचा रोटर धड आहे की नाही, हे मोटार थंड झाल्यावर मेगर लावून कळत नाही. मेगर स्टेटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासतो. रोटरमधले बार त्याच्या वाटेत येतच नाहीत. रोटरची तब्येत मोटार भारावर चालू असतानाच कळते, म्हणून ही नोंद बॉयलर बंद होण्याआधी घ्यायची.

आयडी फॅनबद्दलच बोलतो, कारण त्याची पाती जड असतात. मोटार थेट सप्लायवर सुरू केली, तर ती वेग घेईपर्यंत बरेच सेकंद जातात आणि तेवढा वेळ पूर्ण भाराच्या पाच-सहा पट करंट वाहत राहतो. बार झपाट्याने तापतात, लांबतात आणि एंड रिंगशी जिथे ब्रेझिंग केलेलं असतं तिथे ताण येतो. अशा सुरुवाती वारंवार झाल्या की एखादा सांधा चिरतो. त्या बारचा करंट मग शेजारच्या बारांवर पडतो, ते जास्त तापतात आणि तडा पुढे सरकतो. शेवटी तुटलेला तुकडा बाहेर येऊन स्टेटरच्या वाइंडिंगला घासू शकतो. तसं झालं की रोटरचं काम रिवाइंडिंगपर्यंत जातं.

तुटलेला बार लाइनच्या करंटमध्ये कसा दिसतो, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, मोटार चार पोलची आहे. नोंद घेताना सप्लाय ४९.९ हर्ट्झ होता आणि टॅकोमीटरने वेग १४८५ आरपीएम दाखवला. या सप्लायला सिंक्रोनस वेग १४९७ येतो, म्हणजे रोटर १२ फेऱ्या मागे आहे आणि स्लिप ०.८ टक्के. रोटरच्या बारांमधला करंट या हिशेबाने ०.४ हर्ट्झचा.

सगळे बार शाबूत असतील तर या करंटचं चुंबकीय क्षेत्र रोटरच्या दिशेनेच पुढे फिरतं. एक बार तुटला की तोल बिघडतो आणि रोटरवर उलट्या दिशेने, त्याच ०.४ हर्ट्झने फिरणारं आणखी एक क्षेत्र तयार होतं. रोटर स्वतः ४९.५ हर्ट्झच्या हिशेबाने पुढे धावतोय आणि हे क्षेत्र त्याच्यावर ०.४ ने मागे येतंय. म्हणून स्टेटरला ते ४९.१ हर्ट्झचं भासतं आणि लाइनच्या करंटच्या स्पेक्ट्रममध्ये सप्लायच्या मुख्य टोकाच्या डावीकडे ४९.१ वर एक छोटं टोक उभं राहतं. त्याने टॉर्कला आणि वेगाला ०.८ हर्ट्झची डुगडुग लागते, त्यातून उजवीकडे ५०.७ वर दुसरं टोक येतं. फॅन जड असला तर डुगडुग दबते आणि उजवं टोक लहान राहतं. म्हणून डाव्या टोकाकडे आधी पाहा.

इथे एक चूक सहज होते. सप्लाय ५० हर्ट्झ धरूनच स्लिप काढली, तर ती १ टक्का येते आणि आपण टोक ४९ वर शोधत बसतो. सप्लायची फ्रिक्वेन्सी स्पेक्ट्रममधल्या सर्वांत उंच टोकावरूनच घ्या आणि वेगही त्याच वेळी मोजा.

नोंद घ्यायला मोटारीची केबल सोडावी लागत नाही. पॅनेलमधल्या सीटीच्या सेकंडरी तारेवर क्लॅम्प लावला की एका फेजची नोंद पुरते. सेकंडरी मात्र मोटार चालू असताना कधीही उघडू नका. तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो.

नोंदीची लांबी महत्त्वाची. दहा सेकंदांच्या नोंदीत स्पेक्ट्रमच्या रेघा ०.१ हर्ट्झ अंतरावर पडतात आणि मुख्य टोकाचा पसारा दोन्ही बाजूंना साधारण ०.२ हर्ट्झ असतो. ०.८ वर असलेलं टोक त्यातून सुटं दिसतं. पण तीच मोटार जवळजवळ रिकामी चालली, तर स्लिप ०.१ टक्का होते, टोक मुख्य टोकापासून ०.१ हर्ट्झवर येतं आणि पसाऱ्यात गडप होतं. शिवाय बारांमध्ये करंटच कमी, म्हणून टोकही खुजं. रिकाम्या मोटारीवर घेतलेली 'सगळं ठीक' अशी नोंद म्हणूनच विश्वासाची नाही. भार निदान निम्म्याच्या वर असावा, नोंद चाळीस सेकंदांची घ्यावी आणि तेवढा वेळ डॅम्परला हात लावू नये.

आता उंची. ३४० अँपिअरच्या मुख्य करंटपेक्षा डावं टोक ४० डेसिबलने खाली असेल, तर ते ३.४ अँपिअर, म्हणजे शंभरावा भाग. ढोबळ हिशेबाने ५४ डेसिबलच्या पलीकडे असलं तर काळजी नाही, ४५ च्या आसपास नजर ठेवा आणि ४० च्या खाली फरक उरला तर बार तुटल्याचा दाट संशय घ्या. हे आकडे मोटारीनुसार हलतात, म्हणून मोटार धड असतानाची जुनी नोंद हाताशी असणं जास्त मोलाचं.

टोक दिसलं की लगेच रोटर काढू नका. गिअरबॉक्सच्या मंद शाफ्टमुळे किंवा भाराच्या संथ हेलकाव्यानेही मुख्य टोकाच्या आजूबाजूला अशीच टोकं येतात. शहानिशा सोपी आहे. डॅम्पर थोडा मिटून भार कमी करा, वेग स्थिर होऊ द्या आणि पुन्हा नोंद घ्या. सप्लाय तोच असताना वेग १४८९ झाला, तर रोटरचं टोक ४९.१ वरून ४९.३७ च्या आसपास सरकलं पाहिजे. ते सरकलं तर संशय रोटरवर. जागेवरच राहिलं तर कारण भारात शोधा. काही मोठ्या रोटरच्या आतल्या आऱ्यांची संख्या पोलांइतकी असते, तेव्हा धड रोटरही असं सरकणारं टोक दाखवतो. तिथे जुन्या नोंदीशिवाय निवाडा करू नका.

या पद्धतीच्या मर्यादाही ठाऊक असू द्या. दोन तुटलेले बार एकमेकांपासून अर्ध्या पोलइतक्या अंतरावर असतील, तर त्यांचे परिणाम एकमेकांना मारतात आणि टोक खुजं दिसतं. डबल केज रोटरमध्ये बाहेरचा केज तुटला तरी चालू स्थितीत करंट आतल्या केजमधून जातो, म्हणून खूण फिकी राहते. व्हीएफडीवर चालणाऱ्या मोटारीला तर वरचे आकडे जसेच्या तसे लावूच नका.

संशय पक्का झाला तर हंगाम संपेपर्यंत मोटार शक्यतो थांबवू नका, कारण पुढची प्रत्येक सुरुवात तडा वाढवते. दर आठवड्याला त्याच भारावर नोंद घ्या. फरक ६ डेसिबलने घटला तर टोक दुप्पट झालं, असं समजून सुटी मोटार तयार ठेवा. कारखाना बंद झाल्यावर रोटर बाहेर काढून ग्राउलर लावा, सांध्यांवर डाय पेनेट्रंट मारा. तांब्याचा बार पुन्हा ब्रेझ करता येतो किंवा बदलता येतो, ओतीव अॅल्युमिनियमचा रोटर बहुधा बदलावाच लागतो.

फॅन, पंप, श्रेडर अशा प्रत्येक मोठ्या मोटारीच्या रजिस्टरला पाच रकाने जोडा: तारीख, सप्लायची फ्रिक्वेन्सी, वेग, करंट आणि डाव्या टोकाचा डेसिबलमधला फरक. ते या हंगामातच, भार असताना भरा. पुढच्या वर्षीचा आकडा ताडून पाहायला तुमच्याकडे तेवढाच आधार असेल.