तवा खरं बोलतो, पॅन थापा मारतो

२०२० आणि २०२१ मध्ये आपल्या सगळ्यांच्या कपाळावर रोज एक पिस्तूल रोखलं जायचं, आठवतंय? ऑफिसच्या गेटवर सिक्युरिटीवाले काका ते यंत्र समोर धरायचे, 'बीप' व्हायचं आणि आपण आत. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की या गनला कळत नाही असं काही नाही. म्हणून गेल्या महिन्यात किचनसाठी तसलीच एक गन घेतली. कपाळवाली नव्हे हं, कारण ती तापापुरतीच असते. ही हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती, लाल लेझरवाली, चारशे-पाचशे डिग्रीपर्यंत मोजणारी.

निमित्त होतं नव्या स्टीलच्या पॅनचं. तीन थरांचा, जाड बुडाचा, आरशासारखा लख्ख. रेसिपीत लिहिलं होतं, पॅन १८० डिग्रीला आला की तेल घाला. गॅस मोठा केला, गन रोखली. ४८. थोडं थांबले. ६७. आणखी थांबले. ८५. हा पॅन आहे की सरकारी फाइल, पुढे सरकायलाच तयार नाही! स्क्रीनवर ९३ दिसले तेव्हा वैतागून म्हटलं, निदान तेल तरी घालून ठेवू.

तेल पडलं आणि क्षणात धुराचा लोट उठला. मनगटावर दोन-तीन थेंब उडाले. रूममेटने धावत येऊन गॅस बंद केला, पॅनवर झाकण टाकलं आणि मग माझ्याकडे असं काही पाहिलं, की विचारू नका.

'अगं, नव्वदच तर होतं!' मी स्क्रीन दाखवली.

'नव्वदला तेलाचा धूर निघतो होय गं?' ती म्हणाली. ही बाई चाकणला एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. तिच्या बॅगेत अशीच गन कायम असते. 'तू पॅन मोजलाच नाहीस. तू आपल्या किचनचं सीलिंग मोजलंस.'

आता हा काय नवा फंडा?

तर मंडळी, ऐका. ही गन पॅनला हात लावत नाही. प्रत्येक वस्तूतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बाहेर पडत असतो आणि वस्तू जितकी गरम, तितका तो जास्त. गन तो गोळा करते आणि त्यावरून तापमानाचा आकडा काढते. पण सगळ्या वस्तू हा प्रकाश सारख्या प्रमाणात सोडत नाहीत. वस्तू किती 'मोकळेपणाने' बोलते, त्याचं माप म्हणजे एमिसिव्हिटी, मराठीत उत्सर्जकता. ती शून्य ते एकमध्ये मोजतात. आपली त्वचा ०.९८ च्या जवळपास असते, म्हणून गेटवरची गन कपाळाच्या बाबतीत फसत नाही. काळाकुट्ट लोखंडी तवा, नॉनस्टिकचं कोटिंग, ऑइल पेंट, लाकूड, कागद ही सगळी ०.९ च्या आसपासची मंडळी. आणि चकचकीत स्टील? जेमतेम ०.१ ते ०.२!

स्वस्तातल्या बहुतेक गनमध्ये हा आकडा ०.९५ वर फिक्स केलेला असतो. म्हणजे समोर काहीही असो, गन धरून चालते की 'हा माणूस ९५ टक्के खरं बोलतोय'. माझा पॅन मात्र स्वतःबद्दल शंभरातले फक्त पंधरा शब्द बोलत होता. उरलेले पंच्याऐंशी? ते त्याच्यात पडलेलं प्रतिबिंब. इन्फ्रारेडच्या दृष्टीने पॅन म्हणजे आरसाच. त्यात तीस डिग्रीचं सीलिंग होतं, भिंत होती आणि वाकून बघणारी मी होते.

रूममेटने कागदावर हिशोब मांडला. पॅन खरोखर २०० डिग्रीला असेल, एमिसिव्हिटी ०.१५ आणि खोली ३० डिग्रीची असेल, तर ०.९५ वाली गन साधारण ७० दाखवते. आणि ती ९० च्या पुढे गेली, म्हणजे पॅन २८० च्या घरात होता. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल साधारण २३० ला धुरायला लागतं. मी ते २८० वर ओतलं होतं. नशीब की नुसत्या धुरावर भागलं.

दुसऱ्या दिवशी मी डेमो मागितला. तिने पॅन मंद आचेवर ठेवला आणि थोड्या वेळाने पाण्याचे थेंब शिंपडले. थेंब चुर्रर्र करून उडून गेले नाहीत. पाऱ्याच्या गोळ्यांसारखे पॅनभर घरंगळत राहिले. खालची वाफ त्यांना अधांतरी उचलून धरते आणि स्टीलवर हे व्हायला पॅन दोनशेच्या आसपास असावा लागतो. गन म्हणत होती ७१. सत्तर डिग्रीच्या पॅनवर पाणी नुसतं ओलं पडून राहिलं असतं. मशीनने खोटं बोलायचं ठरवलं, तरी पाण्याचा थेंब बोलत नाही!

दुसरी खूण त्याहून सोपी. पॅनकडे गन धरून हात जरा तिरका केला, की आकडा उड्या मारतो. गॅसच्या ज्वाळेचं प्रतिबिंब आलं की वर, सीलिंगचं आलं की खाली. तव्यावर असं होत नाही. हात हलला आणि आकडाही हलला, तर समजायचं की आपण आरसा मोजतोय.

खात्री करायची असेल, तर एक मस्त घरगुती प्रयोग आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्ली यांनी १८०४ मध्ये असाच एक केला होता. गरम पाण्याने भरलेला धातूचा चौकोनी डबा, पाणी एकच, पण बाजू वेगवेगळ्या पृष्ठभागांच्या. त्यांतली काळी बाजू भरपूर उष्णता बाहेर फेकते आणि चकचकीत बाजू अगदी थोडी, हे त्यांनी दाखवलं. आपला लेस्ली म्हणजे चहा-साखरेचा स्टीलचा डबा. बाहेरून कागदी मास्किंग टेपचा तुकडा नीट दाबून चिकटवायचा, आत उकळतं पाणी ओतायचं आणि मिनिटभर थांबायचं. आमच्याकडे टेपवर आलं ८८ आणि त्याला खेटून असलेल्या उघड्या स्टीलवर ४२. डबा तोच, पाणी तेच, फरक ४६ डिग्रींचा!

'मग एमिसिव्हिटी बदलता येणारी महागडी गन घेऊ का?' मी विचारलं. तर म्हणे, चकचकीत धातूसाठी त्याचाही फारसा उपयोग नाही. पॅनची खरी किंमत ०.१० आहे की ०.२०, हे आपल्याला कुठे माहीत असतं? घासणीच्या एका हाताने ती बदलते, जळून रंग चढला की पुन्हा बदलते. आणि एवढ्याशा फरकाने उत्तर कितीतरी डिग्री इकडचं तिकडे जातं. शिवाय ते पंच्याऐंशी टक्के प्रतिबिंब तसंच राहतं. त्यापेक्षा मोजायची जागाच मॅट करायची. पॅनमध्ये टेप लावणं शक्य नाही, म्हणून मी आता तेल आणि पॅन एकत्रच तापवते आणि गन तेलावर धरते. दोन-तीन मिलिमीटर तेल असेल, तर ते तव्याइतकंच प्रामाणिक असतं. नुसता ब्रश फिरवलेला पातळ थर मात्र अर्धवटच खरं बोलतो. आणि वाफाळत्या भांड्यावर गन धरायची नाही. लेन्सवर बाष्प बसलं की पुन्हा थापा सुरू.

एवढं शिकून मी सॉलिड खुशीत होते. तेवढ्यात सोसायटीत पंपाचं प्रकरण झालं.

पाण्याच्या मोटरला दोन दिवस वॉर्निश जळल्यासारखा वास येत होता. सेक्रेटरी काकांनी त्यांची गन आणली. पंपरूममध्ये पाणी साचलं होतं, म्हणून दारातूनच, दोनेक मीटरवरून, त्यांनी लाल ठिपका मोटरच्या मधोमध टेकवला. ५७. 'ठणठणीत आहे,' काका म्हणाले. 'वास दुसरीकडून येत असेल.'

रूममेट हळूच म्हणाली, 'काका, जरा गनवर बघता? D:S 12:1 असं काही लिहिलंय का?'

लिहिलं होतं. बहुतेक साध्या गनवर हे असतं आणि आपण ते कधी वाचत नाही. अर्थ एवढाच, की बारा सेंटिमीटरवरून गन एक सेंटिमीटरचा गोल बघते. एक मीटरवरून साधारण आठ सेंटिमीटरचा आणि दोन मीटरवरून सतरा सेंटिमीटरचा. या गोलातलं जे काही असेल, त्या सगळ्याची ती सरासरी काढते. लेझरचा ठिपका मोजत काहीच नाही, तो फक्त बोट दाखवतो. ठिपका मोटरवर होता खरा, पण गोलात मागची गार भिंतही आली होती. अर्धी ८० डिग्रीची मोटर आणि अर्धी ३० ची भिंत असेल, तर आकडा येतो साधारण ५७. काकांना आला तोच!

मेन स्विच बंद करून, पाणी उपसून आम्ही जवळ गेलो. तीस सेंटिमीटरवरून गोल फक्त अडीच सेंटिमीटरचा. आधी काकांनी नेमका अॅल्युमिनियमच्या चकचकीत नेमप्लेटवर नेम धरला. ४१. मी मनातल्या मनात हसले, कारण हा पॅनवालाच घोळ होता. मग नेमप्लेटच्या शेजारी, निळ्या रंगाच्या बॉडीवर धरला. ८१.

वायरमन दादांनी मागचं पंख्याचं कव्हर उघडलं. जाळीला प्लॅस्टिकची पिशवी आतून घट्ट चिकटली होती. मोटरला वाराच लागत नव्हता. पिशवी काढली, जाळी साफ केली. दुसऱ्या दिवशी तितकाच वेळ चालवून, त्याच जागी, तेवढ्याच अंतरावरून मोजलं. ६२. वासही गेला. नवी मोटर घ्यायची चर्चा तिथेच थांबली.

पण दादांनी एक गोष्ट बजावली. 'ताई, हे बाहेरचं मोजमाप झालं. आतलं वाइंडिंग याच्यापेक्षा गरम असतं, ते या गनला दिसत नाही.' म्हणून एका आकड्यावरून मोटर चांगली की वाईट, हे ठरत नाही. कालचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवले, तर मात्र बरंच कळतं. त्यासाठी जागा तीच हवी आणि अंतरही तेच. काकांनी आता मोटरच्या रंगलेल्या बॉडीवर मार्करने एक फुली मारून ठेवली आहे आणि जमिनीवर उभं राहायची रेघ.

माझ्या किचनमध्येही एक बदल झालाय. गनला चिकटवलेल्या मास्किंग टेपच्या तुकड्यावर रूममेटच्या अक्षरात लिहिलंय, 'चमकतंय? मग विश्वास ठेवू नकोस.' मनगटावरचे डाग गेले की काढीन म्हणते.