धर्म कोणता आणि रीत कोणती?

आमच्या शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागांत पाण्याची पाळी सुरू झाली, की दोन माणसे बांधावर बसून हटकून वाद घालतात. अशाच एका बैठकीत एका वृद्ध शेजाऱ्याने एका नवदीक्षित तरुणाला विचारले, “तुम्ही धर्म सोडला. आता तुमचे कर्तव्य कोणते, हे तुम्हांला कोण सांगणार?” तो तरुण गप्प राहिला आणि पुढे तोच प्रश्न घेऊन माझ्याकडे आला. प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता. उत्तर मात्र त्या एका शब्दाची नीट फोड केल्याशिवाय देता येत नाही, म्हणून हा लेख.

‘धर्म’ हा शब्द ‘धृ’ या धातूपासून आला आहे. जे धारण करते, सावरून धरते, तो धर्म. आपल्या देशात हा शब्द केवळ देवपूजेच्या अर्थाने कधीच वापरला गेला नाही. राजाचा धर्म, पुत्राचा धर्म, पाहुण्याशी वागण्याचा धर्म असे आपण आजही म्हणतो, तेव्हा ‘करावयास योग्य असे आचरण’ हाच अर्थ आपल्या मनात असतो. इथपर्यंत कोणाचा वाद नाही. वाद पुढे सुरू होतो. योग्य आचरण सर्वांना एकच, की ज्याचे त्याला वेगळे?

स्मृतिकारांनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आणि ती दोन्ही एकाच ग्रंथात शेजारी शेजारी ठेवली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात अहिंसा, सत्य, चोरी न करणे, शुचिता आणि इंद्रियनिग्रह हा चारही वर्णांना सामान्य असा धर्म सांगितला आहे. ही यादी वाचून कोणाचेही समाधान व्हावे. परंतु त्याच ग्रंथात वर्णधर्मही आहे, म्हणजे जन्माने ठरलेले कर्तव्य. आणि त्याच दहाव्या अध्यायात असेही सांगितले आहे, की दुसऱ्याचे काम उत्तम रीतीने करण्यापेक्षा आपले काम उणेपणाने केलेले बरे. गीतेतही हा विचार दोनदा येतो. तेव्हा सामान्य धर्म आणि वर्णधर्म यांची गाठ पडली, तर कोणी माघार घ्यायची, हा खरा प्रश्न आहे.

वकिलाला याचे उत्तर दंडाच्या कलमांत सापडते, कारण कोणतीही व्यवस्था खरोखर काय मानते हे तिच्या उपदेशापेक्षा तिच्या शिक्षेवरून कळते. आठव्या अध्यायातील शिवीगाळीचे कलम पाहा. ब्राह्मणाने क्षत्रियाचा अपशब्दांनी अपमान केला तर दंड पन्नास पण, वैश्याचा केला तर पंचवीस, शूद्राचा केला तर बारा. उलट बाजूने क्षत्रियाने ब्राह्मणाचा अपमान केला तर शंभर, वैश्याने केला तर दीडशे किंवा दोनशे, आणि शूद्राने केला तर दंड नाही, देहदंड. अपशब्द तोच, जीभ तीच; बदलला तो केवळ जन्म. सामान्य धर्माची यादी कितीही सुंदर असली, तरी निवाड्याच्या वेळी वर्णधर्म तिच्या डोक्यावर बसतो, हे या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

आता आणखी एक पायरी. धर्म कोठून ओळखावा, याचेही उत्तर मनूने दिले आहे: वेद, स्मृती, सदाचार आणि आपल्या अंतःकरणाला जे समाधान देते ते. यातील तिसरे साधन, सदाचार, म्हणजे सज्जनांची चालत आलेली वागणूक. ऐकायला निरुपद्रवी, व्यवहारात मात्र सर्वांत बलवान तेच. वेद थोड्यांनी वाचले, स्मृती त्याहून थोड्यांनी उघडल्या. पण “आमची रीत आहे” हे वाक्य प्रत्येक विहिरीवर आणि प्रत्येक उंबरठ्यावर ऐकू येते. रीत जुनी झाली की तिला धर्म म्हणतात, आणि धर्म म्हटला की तिच्यापुढे हक्क हात जोडून उभा राहतो.

हे कसे घडते ते महाडच्या खटल्यात पाहावयास मिळते. चवदार तळ्याचा संगर आपणा सर्वांस ठाऊक आहे. तळ्याचा दावा मात्र थोड्यांना ठाऊक असतो. महाड नगरपालिकेने 1924 साली ठराव करून ते तळे अस्पृश्यांना खुले केले होते. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी तेथील पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांनी 108 घागरींच्या विधीने, गोमूत्र, शेण, दूध, दही यांच्या साहाय्याने तळे ‘शुद्ध’ करून घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात, दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, काही सवर्ण हिंदूंनी दिवाणी कोर्टात दावा लावून मनाई हुकूम मिळवला. प्रतिवादींत बाबासाहेब होते. लोक जमलेले असतानाही त्यांनी कोर्टाच्या हुकुमाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला आणि लढा न्यायालयात नेला.

वादींचे म्हणणे दोन प्रकारचे होते. पहिले, तळे आमच्या खासगी मालकीचे आहे. दुसरे, मालकी नसली तरी केवळ स्पृश्यांनीच ते वापरावे अशी अनादि काळापासूनची रूढी आहे. हे दुसरे म्हणणे म्हणजेच ‘सदाचारा’चे कायद्याच्या भाषेत केलेले भाषांतर होय. इंग्रजी अमदानीतील न्यायालये रूढीला कायद्याचे बळ देत असत. पण ती रूढी अतिप्राचीन, निश्चित, अखंड आणि वाजवी असली पाहिजे, आणि ती आहे असे म्हणणाऱ्यानेच ती शाबीत केली पाहिजे, अशी अट होती.

खटला दहा वर्षे चालला. महाडच्या कोर्टाने 1931 साली आणि जिल्हा अपिलात 1933 साली वादी हरले. तळे नगरपालिकेचे ठरले. शेवटी 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांच्यापुढे अपील फेटाळले गेले. न्यायालयाचे तर्क साधे आहेत आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. तळे जुने आहे खरे, पण ते केव्हा झाले याचा पुरावा नाही. साक्षीदार आपल्या आठवणीतले सांगतात, आणि माणसाची आठवण म्हणजे अनादि काळ नव्हे. तळ्याभोवती सवर्णांची घरे उठण्यापूर्वी पाण्याचा हक्क केवळ आपल्याकडे राखण्याची कोणी खटपट केली असेल, हेही संशयास्पद आहे. म्हणून अनादि रूढी शाबीत झाली नाही.

वाचकहो, येथे थोडे थांबा. आपण हा निकाल विजय म्हणून सांगतो आणि तो विजय आहेच. परंतु न्यायालयाने काय म्हटले नाही, तेही पाहिले पाहिजे. माणसाला सार्वजनिक पाण्यापासून दूर ठेवणारी रूढी अन्यायाची आहे, असे त्याने ठरवले नाही. वादींनी रूढी शाबीत केली असती, तर ती गैरवाजवी किंवा लोकहिताच्या विरुद्ध आहे काय याचा विचार कदाचित करावा लागला असता, एवढेच निकालपत्र म्हणते. देवळाची गोष्ट तळ्याहून वेगळी असू शकते, हेही त्यात आहे: तेथे फार दिवसांच्या वहिवाटीवरून ते वरच्या जातींसाठीच अर्पण झाले असे अनुमान निघू शकेल. आम्हां वऱ्हाडातील लोकांना हे वाक्य बोचते. महाडच्याच वर्षी, 13 नोव्हेंबर 1927 रोजी, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती, ती अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठीच. महाडचा निकाल हाती घेऊन त्या देवळाचे दार उघडले नसते. त्यासाठी 1947 चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा मंदिरप्रवेश कायदा यावा लागला.

याचा अर्थ असा, की 1937 साली आपण जिंकलो ते रीत वाईट ठरली म्हणून नव्हे, तर तिचे वय सिद्ध झाले नाही म्हणून. वय विचारणारा न्याय आणि योग्य-अयोग्य विचारणारा न्याय यांत हा फरक आहे. दुसऱ्या प्रकारचा न्याय 1950 साली संविधानाने आणला. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. ती किती जुनी आहे याची चौकशीच उरली नाही. पुढे 1955 च्या कायद्याने सार्वजनिक विहीर, तळे, घाट येथे अस्पृश्यतेवरून अटकाव करणे हा गुन्हा ठरला. त्या कायद्यापुढे “आमची रीत आहे” हा बचाव चालत नाही, उलट तो कबुलीजबाब ठरतो.

आता शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. धम्म कर्तव्य सांगतो काय? सांगतो, पण तो कर्तव्याचे मूळ जन्मात शोधत नाही. पंचशीलाची पाचही शीले ‘शिक्षापदे’ आहेत, म्हणजे आपणहून पत्करलेले शिकण्याचे नियम. ती सर्वांना एकच आहेत. भिक्षूंना अधिक नियम आहेत, ते भिक्षू झाल्यामुळे, अमक्याच्या पोटी जन्मल्यामुळे नव्हे. रूढीविषयी तथागतांनी कालामांना जे सांगितले ते तर आमच्या वकिलीच्या उलट आहे: परंपरेने चालत आले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, ते लोभ, द्वेष, मोह यांतून निघते काय आणि त्याने कोणाचे अहित होते काय, ते स्वतः पारखा. बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या निबंधात हीच गोष्ट नियम आणि तत्त्व या भेदाने मांडली. नियम सांगतो, हे कर. तत्त्व सांगते, हे असे पारख. नियम पाळणारा आज्ञाधारक होतो. तत्त्वाने वागणारा आपल्या कृत्याला जबाबदार होतो.

दुसरे शील घ्या. न दिलेले घेऊ नये. नियम म्हणून वाचले तर चोरी करू नये, एवढेच होईल. तत्त्व म्हणून ते महाडच्या काठावर नेऊन पाहा. तळे नगरपालिकेचे, म्हणजे सर्वांचे. ते आपल्याच जातीचे म्हणून अडवून धरणारा दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी न देता घेत होता. शील मोडले ते पाणी प्यायला गेलेल्यांनी नव्हे.

पण पारख दुधारी असते. आमच्या घरी दीक्षेनंतर कित्येक वर्षांनी, मी कायद्याच्या महाविद्यालयात शिकत असताना, बागेत तोडणीला येणाऱ्या एका मजुरासाठी पडवीत वेगळा ॲल्युमिनियमचा पेला होता. तो आमच्याहून खालच्या मानलेल्या जातीचा. पेला कोणी ठेवला हे कोणालाच आठवत नव्हते. मी आजीला विचारले, तेव्हा तिने मान वर न करता उत्तर दिले, “पहिल्यापासून आहे.” महाडच्या वादींची साक्ष यापेक्षा निराळी नव्हती. मी तिला खटला सांगितला. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, “मग तो पेला कोणत्या कोर्टात न्यायचा?” दुसऱ्या दिवशी तिने त्या मजुराला आमच्याच घागरीतले पाणी आमच्याच तांब्यात दिले. तो तांबे हातात धरून क्षणभर थांबला, आणि मग प्यायला.