ताल गाणाऱ्याच्या घरी ठेवा

अमरावती-अकोल्याकडच्या ज्या गायन-हार्मोनियम शिक्षकांनी ऑनलाइन वर्ग सुरू केले आहेत किंवा करायच्या बेतात आहेत, त्यांना एक विनंती आहे. तबला तुमच्या खोलीत लावून समोरच्या मुलाला मोबाइलवरून त्यावर गायला लावू नका. ऑनलाइन शिकवणीत सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं, आणि ते झालेलं महिनोन्‌महिने कळतही नाही.

कसं होतं ते पाहू. समजा तुम्ही अमरावतीत साईनगरला बसला आहात, विद्यार्थी अकोटला आहे. तुम्ही तीनताल लावला, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. झूम किंवा मीटवर आवाज एका बाजूने जायला सेकंदाचा पाचवा भाग लागला, तर तेवढ्या उशिराने त्याला तुमची सम ऐकू येते. तो बिचारा त्या समेवर नेमका येतो. त्याचा आवाज परत तुमच्याकडे यायला आणखी पाचवा भाग. तुमच्या कानाला तो जवळजवळ एक मात्रा मागे पडलेला ऐकू येतो. तुम्ही म्हणता, "मागे पडून राह्यला रे, जरा पुढे घे." तो म्हणतो, "सर, मी तं बराबर समेवरच येऊन राह्यलो!" दोघंही खरंच बोलत असतात. तरी शेवटी ऐकतो तोच, कारण गुरूंनी सांगितलं. तो समेच्या आधी उडी मारायला शिकतो आणि ती सवय घेऊन प्रत्यक्ष तबल्यासमोर बसतो.

अंतर कमी असलं म्हणजे हे होत नाही, असा एक गैरसमज आहे. अकोट तर शेजारीच, उशीर कसला? पण केबलमधून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमरावती-अकोला शंभरेक किलोमीटर त्याला काहीच नाही. वेळ जातो तो आवाजाचे तुकडे करून दाबण्यात, ते सर्व्हरकडून फिरवून आणण्यात आणि समोरच्या फोनने तुटक येऊ नये म्हणून ते थोडे साठवून मग वाजवण्यात. म्हणून अकोटचा मुलगा आणि पुण्यातली भाची यांच्या उशिरात फारसा फरक नसतो. अमेरिकेतल्या नातवाला मात्र अंतराचाही थोडा भुर्दंड पडतो. एकत्र गाण्या-वाजवण्याला सेकंदाचा साधारण तिसावा-चाळिसावा भाग इतकाच उशीर चालतो. हवेत तेवढ्या वेळात आवाज आठ-दहा मीटर जातो, म्हणजे एकाच मंडपातलं अंतर. स्टॅनफर्डच्या क्रिस चेफ यांच्या गटाने जॅकट्रिप नावाची व्यवस्था खास यासाठी बनवली, पण तिला तारेचं चांगलं इंटरनेट आणि दोन्हीकडे नीट साहित्य लागतं. दर्यापूरच्या मोबाइल डेटावर तो नाद करू नये.

आपला उशीर किती, ते मोजता येतं. मेट्रोनोमवर तुम्ही टाळ्या वाजवा आणि विद्यार्थ्याला तुमच्या टाळीबरोबर टाळी द्यायला सांगा. त्याची टाळी तुम्हाला मागून येईल. आता लय हळूहळू वाढवत न्या. एका लयीला त्याची टाळी बरोबर तुमच्या पुढच्या टाळीवर पडेल. समजा ती लय १५० निघाली. साठ भागिले दीडशे, म्हणजे ०.४ सेकंद. जाऊन-येऊन तुमचा उशीर तेवढा. आकडा रोज थोडा बदलतो, म्हणून तो लक्षात ठेवून काही "भरून काढायचा" प्रयत्न करू नका. तो भरून निघत नाही.

करायचं ते एवढंच की जो गातोय त्याच्याच खोलीत ताल वाजला पाहिजे. तुम्ही बंदिश दाखवता तेव्हा तबला तुमच्याकडे असावा, सगळ्या मुलांचे माइक बंद, आणि त्यांनी आपापल्या घरी तुमच्याबरोबर गावं. त्यांना सगळंच उशिरा पोचतं, पण आवाज आणि ठेका एकत्र पोचतो, त्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही. मुलाची पाळी आली की तबला त्याच्याकडे, आणि तुमचा माइक बंद. घरातल्या दुसऱ्या फोनवर आयतबलाप्रोसारखं ॲप लावून तो फोन दोन-तीन फुटांवर ठेवायचा. आता त्याचा आवाज आणि त्याचा ठेका एकाच माइकमधून तुमच्याकडे येतात. दोन्हींना सारखाच उशीर, त्यामुळे तो मागे आहे की पुढे हे तुम्हाला स्वच्छ कळतं. दुसरा फोन नसेल तर हाताने टाळी-खाली धरून गाऊ द्या: तीनतालात १, ५, १३ वर टाळी आणि ९ वर खाली. भजनी मंडळाच्या बायांना टाळ हातात द्या, त्याहून बरा मेट्रोनोम नाही. मध्येच थांबवायचं असेल तर बोलू नका, कॅमेऱ्यासमोर हात वर करा. बोललात की तुमचा शब्द त्याच्या पुढच्या ओळीवर पडतो.

तानपुऱ्याला मात्र उशिराची बाधा नाही. सुराला लय नसते, तो कोणत्याही बाजूला लावा. त्याचा शत्रू वेगळा आहे. ही सगळी ॲप बोलण्यासाठी बनवलेली आहेत. एकसारखा चालणारा आवाज त्यांना पंखा वाटतो आणि ते तो पुसून टाकतात. हार्मोनियमचा धरलेला सा तर त्यांच्या दृष्टीने पंख्याचा सख्खा भाऊ. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून दहा सेकंद सा धरून घ्या. सुरुवातीला भरदार येऊन मग पातळ होत विरला, तर आवाज गाळणारी सेटिंग चालू आहे. मध्येमध्ये तुटला, तर नेट कच्चं आहे. तुमचाच आवाज मागून परत आला, तर त्याने इयरफोन लावलेला नाही. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये Original sound for musicians असतं, ते चालू करायचं. मीटमध्ये Noise cancellation दिसलं तर ते बंद करायचं. पण ही सेटिंग ज्याचा आवाज जातो त्याच्या फोनवर करावी लागते. तुम्ही तुमच्याकडे केली म्हणजे अकोटच्या मुलाचा सा वाचला असं होत नाही. पहिला अख्खा तास यातच गेला तरी जाऊ द्या.

आता आपल्याकडची खास अडचण म्हणजे कूलर. ही गाळणी बंद केली की मे महिन्यात वऱ्हाडातल्या प्रत्येक घराचा कूलर वर्गात हजर होतो. यावर महागडा कंडेन्सर माइक हा इलाज नाही, तो कूलर आणखी छान टिपतो. कॉलरला लावायचा साधा तारेचा माइक, हजार रुपयांच्या आसपास मिळणारा, तोंडापासून वीतभर अंतरावर असला तर आवाज मोठा आणि कूलर लहान येतो. पाळी असेल त्या पाच मिनिटांत कूलर बंद ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये बॅच सकाळी सहाला घेतलीत तर हा प्रश्नच बराचसा मिटतो.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा: आधी राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची तार, मग तारेचे इयरफोन, मग राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस, कारण लाइट गेली की वर्ग जातो, आणि माइक सगळ्यात शेवटी. ब्लूटूथचे कानातले कितीही भारी असोत, नकोत. त्यांचा माइक चालू झाला की आवाज टेलिफोनसारखा बारीक होतो आणि आधीच्या उशिरात आणखी भर पडते. हार्मोनियम शिकवताना दुसरा फोन स्टँडवर, पट्ट्यांच्या बरोबर वर लावा. त्यावरून वर्गात शिरताना ऑडिओ जोडूच नका, नाहीतर शिट्टी सुरू होईल. माइक पेटीच्या टेबलावर ठेवू नका, भात्याचा धपधप आवाज लाकडातून चढतो. पेटीपासून दीड-दोन फूट दूर आणि थोडा वर बरा.

घरोघरच्या जुन्या पेट्या ॲपच्या तानपुऱ्याशी जुळत नाहीत, ही तक्रार पहिल्या आठवड्यातच येते. पेटीच्या रीड लगेच बदलता येत नाहीत, ॲपचा सूर बदलता येतो. मुलाने पेटीचा सा धरावा आणि ॲपमध्ये बारीक सूर वर-खाली करून लहरी थांबेपर्यंत जुळवावा. हे त्याच्याच घरी, त्याच्याच कानाने. तुमच्याकडून ते नीट ऐकू येणार नाही.

बॅच बांधताना बहुतेक जण वेळ पाहतात. मी म्हणेन, आधी पट्टी पाहा. काळी चार-पाचला गाणाऱ्या बाया-मुली एका बॅचमध्ये, काळी एक-पांढरी दोनचे पुरुष दुसऱ्या. नाहीतर दर पाळीला तानपुरा बदलण्यात वर्ग जातो. आणि चारच जण घ्या. झूमचा फुकटचा वर्ग चाळीस मिनिटांचा असतो. पाच मिनिटं सूर लावण्यात, पंधरा मिनिटं तुम्ही दाखवणार, उरली वीस, म्हणजे प्रत्येकाला पाच. सात जण घेतलेत तर तीन मिनिटंही येत नाहीत आणि तिसऱ्या महिन्यात गळती लागते. ज्याला पाळी मिळत नाही तो कारण सांगत नाही, नुसता येणं बंद करतो.

आठवड्यातून एकदा प्रत्येकाने ठेक्यावर गाऊन रेकॉर्डिंग पाठवावं. त्यात उशीर मुळीच नसतो, म्हणून तालाचा खरा हिशेब तिथेच तपासा. लाइट त्यांच्याकडची गेली तर त्या दिवसाच्या बदल्यात हेच रेकॉर्डिंग तपासून द्यायचं, तुमच्याकडची गेली तर वर्ग भरून द्यायचा. हे फी घेतानाच सांगून टाका, आणि फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या. नवे विद्यार्थी जाहिरातीपेक्षा भजनी मंडळांतून मिळतात. आश्विनात मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव असतो. त्याच्या दोन-तीन महिने आधी गावोगावच्या मंडळांना पेटी वाजवणारा हवा असतो. तेव्हा केहरवा-दादऱ्याची भजनं धरून पेटीची बॅच काढा.

एक गोष्ट ऑनलाइन शिकवता येत नाही, ती कबूल करून टाका: साथ. गाणाऱ्याच्या मागोमाग पेटी नेणं आणि तबलजीशी नजरेने बोलणं याला दोघं एकाच खोलीत लागतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला मूल बसवणार असाल तर महिन्यातून एक रविवार ठरवा. अकोट, दर्यापूर, परतवाडा, सगळीकडून एसटीने सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येतं. त्या दिवशी तबलजी बोलवा, चहाची सोय करा आणि चौघांनाही त्याच्यासमोर बसवा. पहिल्या रविवारी बहुतेक मुलं समेच्या आधी येतील की नेमकी समेवर, यावरून तुमच्या ऑनलाइन वर्गात तबला कोणाच्या घरी वाजत होता ते तबलजीलाही सांगता येईल.