हवापालट म्हणा, पंचकर्म म्हणू नका

मुंबई-गोवा रस्त्याने नागोठणे मागे टाकले आणि कोलाड अजून यायचे असले, की मध्ये खांब लागते. रोहे तालुक्यातले हे गाव. आजूबाजूला भातशेती, पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि थोडे पुढे कुंडलिकेचे खोरे. या टापूत सुट्टी घालवावी, असे कोणाही शहाण्या माणसाला वाटेल. मलाही वाटले. माझे भांडण या गावाशी नाही, डोंगराशी नाही, योगाशी नाही आणि आयुर्वेदाशी तर मुळीच नाही. माझे भांडण आहे ते आमच्या घरी आलेल्या एका गुळगुळीत जाहिरातपत्रकाशी. ते कोणाचे, हे सांगत नाही. त्याची भावंडे आता वाचकांच्याही घरी येऊन पोचली असतील.

शुक्रवारी दुपारी जायचे, सोमवारी सकाळी परतायचे. एवढ्या अवधीत ‘संपूर्ण पंचकर्म’, शरीरातल्या ‘सर्व विषांचा निचरा’, चार किलो वजनाची घट, मधुमेहापासून ‘मुक्ती’ आणि शनिवारी रात्री शेकोटीभोवती गाणी. किंमत सांगत नाही. ऐन दिवाळीत वाचकांच्या तोंडची करंजी कडू करण्याची माझी इच्छा नाही.

आपल्याकडे पूर्वी लोक हवापालटाला जात. पंधरा दिवस माथेरानला किंवा पाचगणीला राहायचे, चार मैल चालायचे, भूक लागली की जेवायचे आणि गालांवर थोडी तकाकी घेऊन परत यायचे. हवापालटाने कोणी कोणाला फसवले नाही, कारण हवापालट काही कबूलच करीत नव्हता. आता त्याच हवेला, त्याच चालण्याला आणि त्याच मुगाच्या खिचडीला ‘वेलनेस रिट्रीट’ असे नाव पडले, आणि नावाबरोबर वचने आली. ती वचने पाश्चात्य वैद्यकाच्या फूटपट्टीने मोजली, की लगेच कोणीतरी म्हणतो, ‘तुम्हाला आपल्या शास्त्राचा अभिमान नाही.’ ठीक आहे. आपण आपल्या शास्त्राचीच फूटपट्टी घेऊ.

पंचकर्म म्हणजे पाच शोधनकर्मे: वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण. तेल चोळणे या पाचांत नाही. वाफ घेणेही नाही. कपाळावर तेलाची धार सोडतात ती शिरोधारा, जिचे चित्र प्रत्येक पत्रकावर असते, तीही नाही. अभ्यंग आणि स्वेदन हे पूर्वकर्म, म्हणजे मुख्य कामाची तयारी. लग्नात मांडव घालतात. पण मांडव घातला म्हणजे लग्न लागले, असे कोणी म्हणत नाही.

पत्रकात शनिवारी ‘विरेचन’ आहे. शरद ऋतूत विरेचन घ्यावे असे ग्रंथच सांगतात आणि दिवाळी शरदात येते, तेव्हा पत्रक लिहिणाऱ्याने एवढे तरी वाचले असावे. पण पुढचे पान त्याने उलटलेले दिसत नाही. विरेचनाआधी पचन सुधारण्यासाठी दोन-तीन दिवस पाचक औषध देतात. मग स्नेहपान. सकाळी अनशापोटी औषधी तूप प्यायचे, पहिल्या दिवशी थोडे आणि रोज वाढवत. हे कमीत कमी तीन दिवस आणि जास्तीत जास्त सात दिवस. किती दिवस, ते दिनदर्शिका ठरवीत नाही. त्वचा तुकतुकीत झाली का, शौचाला स्निग्धता आली का, तुपाची शिसारी बसू लागली का, हे वैद्याने रोज पाहून ठरवायचे असते. त्यानंतर तूप थांबवून तीन दिवस अभ्यंग आणि स्वेदन. मग एक दिवस विरेचनाचा. त्या दिवशी किती वेग आले ते वैद्य मोजतो, आणि त्यावरून पुढचे पथ्य तीन, पाच की सात दिवसांचे ते ठरते: आधी पातळ पेज, मग दाट पेज, मग मुगाचे कढण, आणि मग हळूहळू आपला नेहमीचा वरणभात.

आता बोटांवर मोजा. सगळीकडे कमीत कमी आकडा धरला तरी पाचनाचे दोन, स्नेहपानाचे तीन, मधले तीन, विरेचनाचा एक आणि पथ्याचे तीन मिळून बारा दिवस झाले. प्रत्यक्षात बहुतेकांचे तीन आठवडे जातात. शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ यात ते कसे बसवतात, हे विचारण्यासाठी मी पत्रकावरच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज फार गोड होता.

“काका, आमचं पंचकर्म एक्स्प्रेस आहे,” ती म्हणाली.

“आणि स्नेहपान?”

“ते आपण वेलकम ड्रिंकमध्ये देतो.”

“वैद्य रोज तपासतात का?”

“थेरपिस्ट असतात ना, काका. सगळे ट्रेन्ड आहेत.”

मुलीचा राग येण्याचे कारण नाही. ती पोटासाठी बोलत होती. पण स्नेहपानावाचून दिलेले विरेचन हे विरेचन नव्हे, त्याला जुलाब म्हणतात. जुलाबाने पाणी आणि क्षार जातात. तरण्याताठ्या माणसाला एक दिवस अशक्तपणा येईल आणि तो त्यालाच ‘हलके वाटणे’ समजेल. पण रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे सत्तरीचे आजोबा त्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडू शकतात, आणि कोलाडच्या आसपासच्या रानात रात्री रुग्णवाहिका मिळणे ही सोपी गोष्ट नाही.

आणखी एक गंमत आहे. शोधनानंतर टाळायच्या ज्या आठ गोष्टी चरकसंहितेत सांगितल्या आहेत, त्यांत मोठ्याने बोलणे, फार चालणे, दिवसा झोपणे यांच्याबरोबर ‘रथक्षोभ’ आहे, म्हणजे वाहनाचे हिसके. पत्रक म्हणते, रविवारी पोटभर बुफे आणि सोमवारी गाडीने मुंबई. रथक्षोभ म्हणजे काय, हे मुंबई-गोवा रस्त्याने कधीतरी प्रवास केलेल्या कोकणी माणसाला निराळे समजावून द्यायला नको.

आता ‘विषांचा निचरा’. कोणते विष, हे पत्रक सांगत नाही. ज्याचे नाव नाही ते मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते गेले की राहिले हे कोण ठरवणार? रक्तातली नको असलेली द्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस करतात. त्यांच्यासाठी खोली आरक्षित करावी लागत नाही. पण पुरावा म्हणून एक खेळ दाखवतात, तो आपल्या घरातला आहे म्हणून सांगतो. तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीने घासले की तळवे काळपट होतात. ‘पाहा, उष्णता आणि विष बाहेर पडले!’ आमची आजीही काशाची वाटी चोळायची आणि त्याने झोप छान लागते, यात शंका नाही. पण तो काळेपणा वाटीचा आहे, तुमचा नाही. काशातले तांबे घर्षणाने आणि तुपाघामातल्या आम्लांनी सुटते. खात्री करायची असेल तर भाऊबिजेला कामाला दोन भाच्यांना लावा. एकाच माणसाच्या उजव्या तळव्याला काशाची वाटी आणि डाव्याला काचेची. तूप तेच, वेळ तीच. एकाच देहाचे विष उजव्या पायाने निघते आणि डाव्या पायाने निघत नाही, असे दिसले म्हणजे समजा.

चार किलोंचा हिशेब तर आमच्या सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता केला. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 उष्मांक. बावीसशे लागणाऱ्या माणसाला बाराशेच दिले, तर रोजचा तुटवडा हजाराचा. तीन दिवसांत तीन हजार, म्हणजे चारशे ग्रॅमही नाही. मग काट्यावर दोन-तीन किलो कमी दिसतात ते कुठून? शरीरात साठवलेली पिष्टशर्करा आधी संपते. ती अर्धा किलोच्या आसपास असते, पण आपल्या तिप्पट पाणी धरून बसलेली असते. ते पाणी जाते. वर जुलाब असतील तर विचारूच नका. मंगळवारी घरी दोन वेळा पोळीभात जेवला की पाहुणे परत हजर. काटा खोटा नसतो, फक्त काय कमी झाले ते तो सांगत नाही.

योगाबद्दल मात्र पत्रक जे सांगते त्यातले थोडे खरे आहे, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग येतो. कंबरदुखी कमी होते, झोप सुधारते, रक्तदाब थोडासा उतरतो. पण हे आठवड्यांच्या सरावाने. तीन सकाळी मिळतात त्या धडा घ्यायला. तोही नीट मिळाला तर किंमत वसूल झाली. पण ‘प्राणायामाने पेशीपेशीला जादा प्राणवायू’ कशासाठी? निरोगी माणसाचे रक्त फुप्फुसातून निघताना प्राणवायूने जवळजवळ भरलेलेच असते. ही गोष्ट सांगायला कोणी योगद्वेष्टा नको. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगक्रिया क्ष-किरणांखाली व दाबमापकाला जोडून तपासल्या. प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायूत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले. खांबहून लोणावळा काही परमुलखात नाही. आपल्याच माणसाने मोजून खोडलेली समजूत शंभर वर्षांनी आपल्यालाच विकत घ्यायला लावतात, आणि वर अभिमानाची भाषा करतात!

मधुमेहाविषयी मी विनोद करणार नाही. पथ्याने आणि वजन खरोखर उतरल्याने काहींची औषधे कमी होतात. पण ती महिन्यांची गोष्ट आहे आणि त्यांच्या डॉक्टरांनी करायची आहे. तिसऱ्या दिवशी इन्सुलिन थांबवा म्हणणाऱ्याच्या छपराखाली चौथा दिवस काढू नये. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब बरे करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा असे पत्रक हाती आले, तर ते लिहिणाऱ्याला एक तर कायदा ठाऊक नाही किंवा त्याची पर्वा नाही. दोहोंपैकी कोणाच्या हातून मला औषध घ्यायचे नाही.

आम्ही जाणार आहोत, पण दुसरीकडे आणि दुसऱ्या अटींवर. तिथल्या वैद्यबाईंचा महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक मागितला, तो त्यांनी न रागावता दिला. ‘चार दिवसांत पंचकर्म होईल का?’ असे मुद्दामच विचारले. ‘नाही,’ त्या म्हणाल्या, ‘तेल-वाफ होईल, झोप होईल. बाकी हवं असेल तर तीन आठवडे काढा.’ त्या ‘नाही’वर आम्ही आगाऊ रक्कम भरली. जागा हमरस्त्यापासून किती आत आहे आणि रात्री मालमोटारींचा आवाज येतो का, हेही विचारले. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत असल्यामुळे वारा कुठून येतो याचीही चौकशी केली, कारण ‘शुद्ध हवा’ हे शब्द छापायला पैसे पडत नाहीत. दिवस मार्गशीर्षातले धरले आहेत. पावसाचा चिखल तोवर वाळतो आणि चैत्र-वैशाखातला घामटा अजून लांब असतो.

मुलांना कुंडलिकेत तराफ्यावर जायचे आहे. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटते तेव्हाच नदीला जोर येतो आणि ते बहुधा सकाळी सुटते. तेव्हा सकाळी नदी, आणि अभ्यंग दुपारी, जेवण जिरल्यावर. भरल्या पोटी तेल लावू नये, हे वैद्यबाईंनी दोनदा बजावले आहे. आजोबा तराफ्यावर येणार नाहीत. ते काठावर बसून आमचे जोडे राखतील आणि त्यांची रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळेला घेतील.